पाठीवरच्या रेघा

आमच्या लहानपणी आसेगावातल्या प्रत्येक आईजवळ एक चाचणी होती. उन्हाळ्यात पोरगा दुपारभर गायब झाला आणि संध्याकाळी साळसूद चेहऱ्याने घरी आला, की आई त्याला ओट्याजवळ उभा करायची, दंड धरायची आणि त्यावर नख ओढायची. राखेसारखी पांढरी रेघ उमटली की, "पोहून आला ना बे विहिरीत?" आणि पाठीत धपाटा. पाण्यात फार वेळ राहिलेली कातडी वाळली की तिच्यावरचा मृत पेशींचा पातळ थर कोरडा पडतो, नखाने तो खरवडला जातो आणि पांढरा दिसतो. यात आजार नाही. आईला शास्त्र ठाऊक नव्हते, पण चाचणी बरोबर होती.

एकदा माझ्यासोबत अक्कालाही आईने अशीच तपासली. माझ्या दंडावर पांढरी रेघ उठली. अक्काच्या दंडावर आधी काहीच दिसले नाही. मग मला धपाटे बसेपर्यंत तिच्या दंडावर दोरी चिकटवावी तशी एक फुगीर रेघ उभी राहिली. आई म्हणाली, "इले पित्त हाय." विषय तिथे संपला. तो पुन्हा निघाला तेव्हा त्याची किंमत आमच्या घराने दिली नाही, शेजारच्या घराने दिली. या लेखाचे कारण तेच आहे.

साल १९८२. वाशीम जिल्हा तेव्हा झालेला नव्हता, आमचे गाव अकोला जिल्ह्यात होते. दिवाळी होऊन गेली होती, कापसाची वेचणी चालू होती. अक्का सतरा-अठरा वर्षांची. शेजारच्या काकू, ज्यांचे यजमान दोन वर्षांपूर्वी वारले होते, संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून अक्काची वेणी घालत होत्या. त्या उठून गेल्या. दिवेलागण झाली. आईने कंदील लावून खाली ठेवला आणि अक्का वाकली तेव्हा पोलक्याच्या गळ्यातून दिसणाऱ्या तिच्या पाठीवर आईला तीन समांतर रेघा दिसल्या, आणि त्यांना आडवी छेदणारी एक. फुलीच म्हणा. आई ओरडली. तासाभराने गावातला एक जाणता आला तेव्हा पाठ कोरी होती. रेघांचा मागमूस नव्हता.

रेघा राहिल्या असत्या तर कदाचित कोणी औषध विचारले असते. त्या नाहीशा झाल्या म्हणून सगळे घाबरले. जाणत्याने कडुलिंबाचा डहाळा मागवला आणि अक्काची पाठ वरून खाली झाडायला सुरुवात केली. थोड्याच वेळात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, पाठ रेघारेघांनी भरून गेली. "पहा, कबूल करून राह्यली," तो म्हणाला. कोणाचा हात शेवटी पाठीला लागला होता, हे विचारायची गरज कोणालाच पडली नाही. काकूंचे आमच्याकडे येणे बंद झाले. मग इतरांकडचे. वर्षभरात त्या घराला कुलूप लावून भावाच्या गावी निघून गेल्या.

मी डॉक्टर नाही. बारावीनंतर शिक्षण सुटले. जे वाचले ते जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून, वाचनालयांतून आणि ओळखीच्या डॉक्टरांनी दिलेल्या पुस्तकांतून. या विषयाकडे मी वळलो तो माझ्याच खांद्यामुळे. सहा वर्षांपूर्वी एका तापातून उठल्यानंतर खांद्यावरची पिशवी काढली की पट्ट्याच्या जागी खाज सुटून पट्ट्याएवढीच फुगीर पट्टी दिसू लागली. चड्डीच्या नाडीखाली, घड्याळाच्या पट्ट्याखाली, टॉवेलने अंग पुसल्यावर पाठीवर. रात्री अंथरुणात खाजवले की बोटांच्या चार वाटा उमटत. अकोल्याच्या एका त्वचारोगतज्ज्ञांनी माझी हकीकत अर्धीच ऐकली, पेनाच्या मागच्या टोकाने माझ्या हातावर एक रेघ ओढली आणि म्हणाले, "दहा मिनिटं बाहेर बसा." दहा मिनिटांनी रेघेकडे पाहून त्यांनी नाव सांगितले: डर्मोग्राफिझम. शब्दशः अर्थ कातडीवरचे लेखन. बाहेरच्या बाकावर बसून हातावरची ती रेघ वर येताना पाहत असताना मला अक्काची पाठ आठवली.

पुढे घरी मी तीच चाचणी घड्याळ लावून अनेकदा केली. डाव्या हाताच्या आतल्या बाजूवर बंद बॉलपेनचे बोथट टोक मध्यम दाबाने, कातडी न खरचटता, एकदाच ओढायचे. पहिल्या काही सेकंदांत ओढल्याच्या जागी बारीक लालसर रेघ येते. अर्ध्या मिनिटाच्या आसपास तिच्या दोन्ही बाजूंना अस्पष्ट लाली पसरू लागते. एक-दोन मिनिटांनी मधली रेघ फिकट होत वर उचलू लागते आणि खाज सुटते. सात ते दहा मिनिटांत ती सर्वांत उंच असते. माझ्या हातावर तिची रुंदी तीन-चार मिलिमीटर भरते. अर्ध्या तासात ती बसू लागते आणि तासाभरात हात पूर्ववत होतो. डाग नाही, खपली नाही, दुखणे नाही. बायकोच्या हातावर तितक्याच दाबाने ओढलेली रेघ पहिल्या पायरीवरच थांबते. क्षणभर लाली, आणि मग काही नाही.

या तीन पायऱ्या म्हणजे रेघ, भोवतालची लाली आणि फुगवटा. त्यांचा नीट अभ्यास इंग्लंडमधले डॉक्टर थॉमस लुईस यांनी केला आणि १९२७ साली कातडीच्या रक्तवाहिन्यांवरच्या ग्रंथात मांडला. लुईस यांचे म्हणणे असे की ही प्रतिक्रिया मुळात प्रत्येकाच्या कातडीत आहे. पुरेशा जोराने चाबूक मारला तर कोणाच्याही पाठीवर वळ उठतो. फरक फक्त किती दाबाला ती सुरू होते याचा आहे. माझ्यासारख्याच्या कातडीत वळ उठायला चाबूक लागत नाही, नख पुरते. दुखावलेल्या कातडीतून कुठलेसे द्रव्य सुटत असावे, असे लुईस यांनी ताडले होते. ते हिस्टामिनसारखे वागते हेही त्यांनी दाखवले. हे हिस्टामिन कातडीत कुठे साठलेले असते, ते पुढे १९५३ मध्ये रायली आणि वेस्ट या दोघा संशोधकांनी दाखवले: मास्ट पेशींत.

मास्ट पेशी कातडीत रक्तवाहिन्यांच्या आणि मज्जातंतूंच्या आसपास बसलेल्या असतात. आत हिस्टामिनचे बारीक दाणे ठासून भरलेले. जंतू, कीटकाचे विष असे काही आत घुसले की दाणे बाहेर फेकायचे, हे त्यांचे काम. हिस्टामिन बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल करते, रक्तातला पाण्यासारखा भाग भोवतालच्या कातडीत झिरपतो, आणि तेवढी जागा फुगते. आजूबाजूची लाली मात्र झिरपण्याने येत नाही. टोचलेल्या मज्जातंतूच्या फांद्यांतून संदेश उलटा फिरतो आणि शेजारच्या रक्तवाहिन्या फुलवतो. म्हणूनच जिथले मज्जातंतू मेले आहेत तिथे फुगवटा येतो, पण लाली पसरत नाही. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर हिस्टामिन टोचून लाली येते का, हे पाहण्याची जुनी पद्धत याच गोष्टीवर उभी होती. आपल्या सावळ्या-काळ्या कातडीवर मात्र ती लाली ओळखणे कठीण, आणि हे पुढेही लक्षात ठेवायचे आहे.

डर्मोग्राफिझममध्ये या मास्ट पेशी नुसत्या घासण्याने दाणे सोडतात. शंभरातल्या दोन ते पाच जणांच्या कातडीवर अशा रेघा उठतात, असे साधारण मानले जाते. त्यातल्या बहुतेकांना खाज नसते आणि त्रासही नसतो. अनेकांना आपल्याला हे आहे याचा पत्ताही नसतो. खाजेसकट रेघा उठणाऱ्यांची संख्या त्याहून कमी, आणि औषध लागते ते त्यांनाच. कधी एखाद्या संसर्गानंतर, खरजेनंतर किंवा फार ताणाच्या काळात हे सुरू होते, पण बहुतेकांत कारण सापडत नाही. महिने किंवा वर्षे राहते आणि मग बहुधा आपोआप ओसरते.

आता आईच्या "इले पित्त हाय" या वाक्याकडे येतो. मराठीत अंगावर पित्त उठणे, गांधी उठणे, शीतपित्त होणे हे सगळे एकाच पिशवीत टाकले जाते. जुन्या वैद्यकाने त्यात भेद केले होते. माधवनिदानात शीतपित्त, उदर्द आणि कोठ यांचा एक स्वतंत्र अध्याय आहे. तिथे या गांधींची तुलना गांधीलमाशीच्या दंशाशी केलेली आहे आणि त्यांचे कारण म्हणून थंड वाऱ्याचा स्पर्श सांगितला आहे. म्हणजे पोटाबाहेरून, कातडीला लागणाऱ्या गोष्टीमुळे गांध उठू शकते, हे तिथे दिसते. आपल्या घरांत मात्र यातला 'पित्त' हा शब्द तेवढा उरला आणि पित्त म्हटले की बोट पोटाकडे जाते. अक्काचे वांगे बंद झाले, मग शेंगदाणे, मग दही. रेघा चालूच राहिल्या. डर्मोग्राफिझमचा खाण्याशी सहसा संबंध नसतो आणि पथ्याने तो जात नाही.

घरगुती उपायांतही हाच घोळ आहे. पित्त उठले की आमच्याकडे आमसुलाचे पाणी लावत, गेरू लावत आणि घोंगडी पांघरून बसवत. आमसुलाचे गार पाणी हलक्या हाताने लावले तर गारव्याने खाज थोडी थांबते, त्यात नुकसान नाही. पण रखरखीत घोंगडी अक्काच्या अंगावर टाकणे म्हणजे विस्तवावर फुंकर घालण्यासारखे होते. जी कातडी घासण्यानेच फुलते, तिला घासणारेच पांघरूण. आईला वाटे, पित्त बाहेर पडत आहे, म्हणजे उतार पडेल.

मग वेगळेपण ओळखायचे कसे? मला सर्वांत उपयोगी पडलेला प्रश्न असा: आधी गांध की आधी खाजवणे? नेहमीच्या गांधींत, ज्यांना डॉक्टर आपोआप उठणारी अर्टिकेरिया म्हणतात, माणूस काहीच न करता बसलेला असतो आणि पोटावर, मांडीवर, कुठेही गांध येते. गोल, नकाशासारखी, एकमेकींत मिसळणारी. ती खाजते म्हणून तो खाजवतो. डर्मोग्राफिझममध्ये क्रम उलटा आहे. आधी घासणे, दाबणे किंवा खाजवणे, आणि मग नेमकी त्याच वाटेवर, त्याच आकाराची गांध. यातली अडचण एवढीच की खाज कधी रेघेच्याही आधी जाणवते, विशेषतः रात्री अंग गरम झाल्यावर. माणूस खाजवतो, रेघ उठते, रेघ खाजते, तो पुन्हा खाजवतो. या फेऱ्यात पहिले काय होते ते रुग्णाला आठवत नाही. अशा वेळी आठवणीवर न जाता आकाराकडे पाहावे. निसर्गात आपोआप उठणारी गांध क्वचितच सरळ रेषेत असते. सरळ, समांतर किंवा पट्ट्याच्या रुंदीची गांध दिसली, तर त्या जागेला काहीतरी लागलेले आहे.

दुसरा प्रश्न वेळेचा. आपोआप उठणारी एकेक गांध काही तास टिकते, पण साधारण चोवीस तासांच्या आत त्या जागेवरून जाते. भोवती नव्या येत राहतात म्हणून रुग्णाला वाटते की तीच आठवडाभर आहे. एका गांधेभोवती बॉलपेनने हलकी कड काढून दुसऱ्या दिवशी पाहिले की उलगडा होतो: कड राहते, आतली गांध गेलेली असते. चोवीस तासांनंतरही ती तिथेच असेल, खाजेपेक्षा आग किंवा दुखणे जास्त असेल आणि जाताना काळसर डाग ठेवत असेल, तर ती साधी गांध नव्हे. रक्तवाहिन्यांना सूज येण्याचा एक वेगळा आजार असा दिसतो आणि त्याला तपासणी लागते. डर्मोग्राफिझमची रेघ या सगळ्यांत अल्पायुषी. मिनिटांत येते आणि बहुधा तासाच्या आत जाते.

याच घराण्यातले एक भावंड शेतकऱ्यांच्या कामाचे म्हणून सांगतो. दिवसभर सोयाबीनची पोती खांद्यावरून वाहिली आणि रात्री, चार-सहा तासांनी, खांदा सुजून आला. किंवा शिडीवर उभे राहून काम केले आणि रात्री तळपाय सुजले. ही उशिरा उठणारी दाबाची अर्टिकेरिया. कारण दोन्हींत कातडीवरचा जोरच आहे, पण डर्मोग्राफिझम घासण्याने मिनिटांत वर येतो आणि कातडीच्या वरच्या थरात असतो. ही मात्र जड, सतत दाबाने, तासांनंतर, खोलवर येते, दुखते आणि दोन-तीन दिवस राहू शकते. पेनाच्या रेघेने ती पकडता येत नाही. दहा मिनिटांनी हात कोरा पाहून डॉक्टर आणि रुग्ण दोघेही फसतात. याशिवाय घाम येताच अंगभर मोहरीएवढे पुरळ उठणारी एक आहे, आणि गार पाण्याने किंवा बर्फाने उठणारी एक आहे. तिथे पेन सोडून दुसऱ्या चाचण्या लागतात.

एक गोष्ट यांपैकी कशातही मिसळू देऊ नये. ओठ, जीभ किंवा डोळ्यांभोवती सूज, आवाज बसणे, श्वास लागणे, चक्कर येणे ही डर्मोग्राफिझमची लक्षणे नाहीत. अशा वेळी रेघा मोजत न बसता तडक दवाखाना गाठावा.

औषधाबद्दल माझा अनुभव आणि वाचन जुळते. झोप कमी आणणारी हिस्टामिनविरोधी गोळी, उदाहरणार्थ सेटिरिझिन किंवा फेक्सोफेनाडिन, डॉक्टरांच्या सांगण्याने रोज घ्यायची असते. खाज सुटली की एक, अशी नव्हे. ही गोळी सुटलेले हिस्टामिन परत आत घालत नाही, ते जिथे जाऊन चिकटणार त्या जागा आधीच अडवते. म्हणून ती आधी पोटात असावी लागते. साध्या मात्रेने भागले नाही तर डॉक्टर ती टप्प्याटप्प्याने चौपटीपर्यंत वाढवू शकतात. त्यानेही भागले नाही तर ओमालिझुमॅब नावाचे महागडे इंजेक्शन आहे. निदान होण्याआधी मला एका ठिकाणी दर पंधरवड्याला स्टेरॉइडचे इंजेक्शन मिळत होते. दोन दिवस बरे वाटे, पुन्हा तेच. या आजारात तो लांब पल्ल्याचा उपाय नव्हे. आणि चाचणी करायची असेल तर गोळी आधी किमान तीन दिवस बंद हवी. माझी पहिली घरची चाचणी याच चुकीने फसली होती. आदल्या रात्री गोळी घेतली होती आणि सकाळी हात कोरा. मी डॉक्टरांवरच शंका घेऊन बसलो होतो.

हे सगळे समजल्यावर मी १९८२ च्या त्या संध्याकाळकडे परत गेलो. रेघा दिसल्या कंदील लागल्यावर. कंदील जमिनीवर होता, उजेड बाजूने येत होता. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, पण बाजूच्या उजेडात फुगवट्याची सावली पडते. आजही मी माझ्या हातावरची रेघ ट्यूबलाइटखाली शोधत बसतो आणि टॉर्च आडवा धरला की ती लगेच दिसते. त्याहून लवकर ती बोटाला लागते. भर दुपारी कदाचित आईला काही दिसलेच नसते. रेघा तासाभरात गेल्या, हे करणीचे लक्षण नव्हते, या आजाराचेच होते. आणि कडुलिंबाच्या डहाळ्याने पाठ झाडल्यावर पुन्हा रेघा उठल्या, तो कबुलीजबाब नव्हता. अकोल्याच्या डॉक्टरांनी पेनाने माझ्या हातावर जी चाचणी केली, तीच त्या जाणत्याने नकळत अक्काच्या पाठीवर केली होती, आणि ती होकारार्थी आली होती. फक्त निकाल वाचणारा चुकला.

कातडीवरचे लेखन चुकीचे वाचणारे आमच्याच गावात होते असे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमधल्या डॉक्टरांनी उन्मादाच्या म्हणून ठेवलेल्या स्त्रियांच्या पाठीवर बोथट काडीने अक्षरे लिहिली आणि ती फुगून आल्यावर त्यांची छायाचित्रे छापली. १८७९ मध्ये द्यूजार्दँ-बोमेत्झ यांनी अशाच एका बाईची हकीकत लिहिली. १८९३ मध्ये बार्तेलेमी यांनी या विषयावर आख्खा ग्रंथ लिहिला. ही मंडळी शिकलेली होती, रेघ घासण्याने उठते हेही त्यांना माहीत होते. तरी तिच्यात ते बाईच्या मनाचा बिघाड वाचत होते. आमच्याकडे दोष शेजारणीकडे गेला, तिकडे तो रुग्णाच्या डोक्याकडे गेला. लुईस यांनी चांगल्या धडधाकट माणसांच्या कातडीवर तेच घडवून दाखवल्यावर तो आधार सुटला.

आपल्याकडे भानामतीच्या प्रकारांत अंगावर आणि कपड्यांवर फुल्या उठणे हा नेहमीचा प्रकार आहे, आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणाऱ्यांनी त्यांचा शोध घेताना वारंवार बिब्ब्याचा उल्लेख केला आहे. म्हणून बिब्ब्याची फुली आणि अक्काची फुली यांतला फरक सांगणे मला आवश्यक वाटते. बिब्ब्याचे तेल कातडीला लागले की परिणाम मिनिटांत दिसत नाही. बहुधा एक-दोन दिवसांनी तिथे आग होते, फोड येतात, पाणी सुटते, आणि बरे झाल्यावरही काळा डाग कितीतरी दिवस राहतो. परटाने कपड्यावर घातलेल्या बिब्ब्याच्या खुणेने मानेवर असे फोड येतात, हे दुसऱ्या महायुद्धात इथे आलेल्या अमेरिकन सैनिकांवरही डॉक्टरांनी नोंदवले होते. तेव्हा फुली दुसऱ्या दिवशीही असेल, फोड असतील, कपड्यावरही असेल, तर ती कोणाच्या तरी हाताने काढलेली आहे. तो हात शोधावा आणि त्यामागचे दुःखही. फुली तासाभरात विरली आणि हलकेच नख ओढल्यावर दुसरी उठली, तर हात शोधू नये. कातडीकडे पाहावे.

याची दुसरी बाजूही आहे. मारल्याचे वळ हे डर्मोग्राफिझमसारखेच सुरू होतात, पण ते दुखतात, पुढच्या दिवसांत निळे-काळे पडतात. तेव्हा एखाद्या सुनेच्या किंवा लेकराच्या पाठीवर दुसऱ्या दिवशीही वळ असतील आणि घरचे 'पित्त' म्हणत असतील, तर ते पित्त नव्हे.

महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखादी व्यक्ती करणी करते असे भासवून तिचे जगणे अवघड करणे हा आता गुन्हा आहे. काकूंच्या वेळी तो नव्हता. तरी मला वाटते, त्या संध्याकाळी कायद्याच्या आधी एखाद्या बोथट काडीची आणि दहा मिनिटांची गरज होती. काडी खुद्द जाणत्याने आणली होती. ती एकदा काकूंच्या अनुपस्थितीत, जाणत्याऐवजी आईने, पाठीऐवजी हातावर ओढून पाहिली असती, तर पुरेसे होते.

माझ्या या निष्कर्षाला एक मर्यादा आहे. अक्काच्या रेघा लग्नानंतर तीन-चार वर्षांत गेल्या. त्याचे श्रेय अजूनही घरात जाणत्याच्या ताइताला जाते. आज तिच्या हातावर पेन ओढले तर काही उठत नाही. मी ओढून पाहिले. त्यामुळे माझ्याकडे पुरावा म्हणून फक्त आठवणी आहेत: आईच्या नखाने उठलेली दंडावरची रेघ, डहाळ्याने उठलेल्या रेघा, आणि त्यांचा तासाभराचा मुक्काम. एक दुवा मात्र सुटत होता. त्या संध्याकाळी, कंदील लागण्याआधी, पाठीला काय लागले होते? मी फणी धरून चाललो होतो.

गेल्या दिवाळीत अक्का माहेरी आली होती तेव्हा मी माझ्या हातावर तिच्यासमोर फुली काढली. तीन उभ्या, एक आडवी. आम्ही दोघे गप्प बसून ती वर येताना पाहत होतो. ती पूर्ण उठल्यावर अक्काने तिच्यावरून बोट फिरवले.

"फणी नव्हती रे," ती म्हणाली. "कापसातून आली होती मी, पाठ खाजत होती. मीच म्हटलं होतं, काकू, जरा खाजवून द्या ना."

"मग तेव्हा सांगितलं का नाही?"

"भेव वाटलं. सगळे म्हणत होते, तिनं हात लावला, हात लावला. लावला होताच ना."

काकू बारा-तेरा वर्षांपूर्वी भावाच्या गावीच वारल्या. त्यांच्या पुतण्याचा पत्ता मी मिळवला आहे. हा लेख छापून आला की एक अंक त्याला नेऊन द्यायचा आहे. अक्का सोबत येते म्हणाली आहे.